तक्ता पाठ आहे, पण ‘का?’ विचारलं की पाटी कोरी

*मॅडम, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीनियर्सकडून आलेला अँटिबायोटिक्सचा १४ ओळींचा तक्ता (स्पेक्ट्रम, मेकॅनिझम, रेझिस्टन्स, साइड इफेक्ट्स) मी तीनदा पाठ केला. न बघता लिहूनही काढते. पण परवा इंटर्नलच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, “सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन एवढं ब्रॉड आहे, मग लिस्टेरियाला का चालत नाही?” मला ‘चालत नाही’ एवढंच माहीत होतं. पुढे क्लॉक्झासिलिन आणि व्हॅन्कोमायसिन यांच्या रेझिस्टन्सची घरंही अदलाबदल करून सांगितली. युनिव्हर्सिटीची परीक्षा १९ दिवसांवर आली आहे. तक्ता बदलू, की आहे तोच अजून घोकू?*
*— लातूरहून एक विद्यार्थिनी*

बदल. पण सगळा नको, आधी सहाच ओळी बदल.

१४ ओळी आणि ४ रकाने म्हणजे ५६ घरं झाली, आणि तू ती ५६ सुट्या गोष्टी म्हणून डोक्यात कोंबते आहेस. मग व्हायव्हाच्या टेबलासमोर घाम फुटला की दोन घरं आपापसात जागा बदलणारच. खरं तर हे रकाने एकमेकांचे नातेवाईक आहेत. औषध कुठं आणि कसं काम करतं हे नीट कळलं, तर ते कुणाला मारतं आणि जिवाणू त्यातून कसा सुटतो, हे बहुतेक वेळा आपोआप निघतं. साइड इफेक्टचं घर तेवढं वेगळं पाठ करावं लागतं, तेही सगळं नाही.

पेशीभित्तिकेवर काम करणारी औषधं घेऊन हे दाखवते, कारण परीक्षेत आणि वॉर्डात सर्वांत जास्त गाठ त्यांच्याशीच पडते.

जिवाणूची भिंत बांधणारं एक एन्झाइम असतं, ट्रान्सपेप्टिडेज. पेनिसिलिन त्यालाच चिकटतं म्हणून त्याला पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन, म्हणजे पीबीपी म्हणतात. आपण त्याला गवंडी म्हणू. हा गवंडी ज्या विटा जोडतो त्यांच्या टोकाला डी-अ‍ॅलानिन-डी-अ‍ॅलानिन अशी जोडी असते. बीटा-लॅक्टम औषधाचा आकार नेमका या जोडीसारखा आहे. म्हणजे ती खोटी वीट झाली. गवंडी ती उचलतो आणि त्याचे हात तिथंच चिकटून बसतात. भिंत अर्धवट राहते आणि वाढणारा जिवाणू फुटतो. वाढणारा हा शब्द लक्षात ठेव. ज्याचं बांधकामच चालू नाही त्याला खोटी वीट काय करणार?

आता या खोट्या विटेच्या वाटेत तीन अडचणी येतात. पहिली, दार. ग्राम-पॉझिटिव्हची भिंत जाड असली तरी सच्छिद्र असते, तिथं अडत नाही. ग्राम-निगेटिव्हला मात्र बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि आत शिरायचं तर पोरिन नावाच्या अरुंद दारांतून. दुसरी, वाटमारी. बीटा-लॅक्टमेज एन्झाइम खोटी वीट गवंड्यापर्यंत पोचायच्या आत मोडून टाकतं. खाली तक्त्यात येणारे पेनिसिलिनेज, ईएसबीएल आणि एनडीएम हे याच जातीचे वाटमारे. स्टॅफिलोकॉकस हा वाटमाऱ्या घराबाहेर सोडतो, ग्राम-निगेटिव्ह त्याला दाराच्या आतच, पडदा आणि भिंत यांच्या मधल्या जागेत उभा करतो. तिसरी, गवंडी स्वतः. काही जिवाणूंचा गवंडी असा असतो की खोटी वीट त्याच्या हातात बसतच नाही.

दार, वाटमारी, गवंडी. तुझ्या तक्त्यातले स्पेक्ट्रम आणि रेझिस्टन्स हे दोन रकाने खोडून त्यांच्या जागी हे तीन घाल. माझा तक्ता असा दिसतो:

| औषध | दारातून शिरतं का? | वाटेत मोडतं का? | गवंडी अडकतो का? | विसरू नये असा त्रास |
|---|---|---|---|---|
| पेनिसिलिन जी | ग्राम-निगेटिव्हमध्ये बहुधा नाही | स्टॅफचं पेनिसिलिनेज मोडतं | स्ट्रेप्टोकॉकस, सिफिलिसचा जिवाणू: हो | अ‍ॅलर्जी |
| अमॉक्सिसिलिन | काही ग्राम-निगेटिव्हमध्ये हो | मोडतं. क्लॅव्युलॅनेट सोबत असेल तर बरंच वाचतं | लिस्टेरिया, एन्टेरोकॉकस फीकॅलिस: हो | अ‍ॅलर्जी, जुलाब |
| क्लॉक्झासिलिन | नाही | स्टॅफच्या पेनिसिलिनेजला पुरून उरतं | साधा स्टॅफ: हो, एमआरएसए: नाही | अ‍ॅलर्जी |
| सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन | हो. स्यूडोमोनासला पुरेसं नाही | ईएसबीएल मोडतं | लिस्टेरिया, एन्टेरोकॉकस, एमआरएसए: नाही | पित्ताशयात गाळ. नवजात बाळात जपून |
| मेरोपेनेम | हो, स्यूडोमोनासमध्येही | ईएसबीएल मोडू शकत नाही. एनडीएम मोडतं | एमआरएसए, एन्टेरोकॉकस फीशियम: नाही | झटके. व्हॅल्प्रोएटची पातळी घसरते |
| व्हॅन्कोमायसिन | ग्राम-निगेटिव्हमध्ये नाही | नाही | गवंड्याला हात लावत नाही, वीट धरतं | मूत्रपिंड. भरभर सोडलं तर अंगावर लाली |

तुझ्या सरांचा प्रश्न आता या तक्त्याला विचार. लिस्टेरिया ग्राम-पॉझिटिव्ह आहे, म्हणजे दाराचा प्रश्न मिटला. वाटमारीही इथं कारण नाही. उरला गवंडी. लिस्टेरियाचा मुख्य गवंडी सेफॅलोस्पोरिन हातात घेतच नाही, अ‍ॅम्पिसिलिन मात्र घेतो. एन्टेरोकॉकसचं तसंच, आणि एमआरएसएचंही त्याच जातीचं. तुम्ही पोरं सेफॅलोस्पोरिनच्या उणिवांसाठी ‘एलएएमई’ असं काहीतरी पाठ करता ना? लिस्टेरिया, एटिपिकल, एमआरएसए, एन्टेरोकॉकस. त्या चार अक्षरांमागे दोनच कारणं आहेत. तिघांचा गवंडी वेगळा. आणि एटिपिकलपैकी मायकोप्लाझ्माला तर भिंतच नाही, क्लॅमिडिया आपल्याच पेशीत लपून बसतो. वॉर्डातली एक सवयही यातूनच आली आहे: पन्नाशीपुढच्या माणसाला मेनिंजायटिसची शंका आली की सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनच्या जोडीला अ‍ॅम्पिसिलिन देतात. ब्रॉड औषधासोबत त्याहून ‘साधं’ औषध कशाला, असा प्रश्न ज्याला पडतो त्याचा गवंड्याचा रकाना कोरा आहे असं समज.

अदलाबदल झालेली ती दोन घरंही आता हलणार नाहीत. क्लॉक्झासिलिनला एक जाडजूड बाजूची साखळी आहे. त्यामुळे वाटमाऱ्याला ते नीट पकडता येत नाही, पण तेच धूड ग्राम-निगेटिव्हच्या दारात अडतं. म्हणून त्याचा पल्ला इतका अरुंद. याच कुळातलं मेथिसिलिन १९६० च्या आसपास वापरात आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफची, म्हणजे एमआरएसएची, नोंद झाली. त्या स्टॅफने औषध मोडलं नव्हतं. त्याने दुसराच गवंडी कामावर ठेवला होता, पीबीपी-२ए, mecA नावाच्या जनुकातून आलेला. म्हणून एमआरएसएला क्लॅव्युलॅनेट जोडून काही उपयोग नाही. क्लॅव्युलॅनेट वाटमाऱ्याला गुंतवून ठेवतं, आणि इथं वाटमारीचा प्रश्नच नाही. ही चूक मी पेपर तपासताना दरवर्षी बघते.

व्हॅन्कोमायसिन गवंड्याच्या भानगडीतच पडत नाही. ते विटेचं डी-अ‍ॅलानिन-डी-अ‍ॅलानिन हे टोकच मुठीत धरतं. गवंडी कोणताही असो, वीट हाती लागत नाही, म्हणून एमआरएसएवर चालतं. मग जिवाणूने सुटायचं कसं? वीट बदलून. व्हीआरई म्हणजे व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकॉकस विटेचं शेवटचं अ‍ॅलानिन काढून तिथं लॅक्टेट बसवतो, आणि मूठ सुटते. रेणू एवढा मोठा की पोरिनमधून जात नाही, म्हणून ग्राम-निगेटिव्हवर शून्य. याच कारणाने आतड्यातून शोषलाही जात नाही, म्हणून क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलला तोंडाने देतात आणि रक्तातल्या संसर्गाला शिरेतून. बघ, किती घरं एका वाक्यातून भरली.

साइड इफेक्टच्या रकान्यात माझा कंजूषपणा तुला दिसला असेल. मळमळ, उलटी, पुरळ हे प्रत्येक ओळीत लिहून त्या रकान्याची किंमत जाते. ज्या त्रासामुळे तू औषध बदलशील, डोस बदलशील किंवा द्यायची पद्धत बदलशील, तेवढंच लिही. आपल्या पेशींना भित्तिका नाही, म्हणून बीटा-लॅक्टम मुळात सौम्य. त्यांचा खरा धोका अ‍ॅलर्जीचा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला सेफॅलोस्पोरिन चालेल का, याचं उत्तर आता मुख्यतः बाजूच्या साखळीवरून देतात. अ‍ॅम्पिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांची साखळी मिळतीजुळती आहे, सेफाझोलिनची कुणाशीच नाही. जुन्या नोट्समध्ये सरसकट १० टक्के क्रॉस-रिअ‍ॅक्शन लिहिलेली असते, तो आकडा फुगलेला आहे.

व्हॅन्कोमायसिनच्या लालीचं घर मी मात्र स्वतः चुकून शिकले. इंटर्न असताना एका रुग्णालयात रात्री मी एक ग्रॅम व्हॅन्कोमायसिन घाईघाईने वीसेक मिनिटांत सोडलं. पेशंटचा चेहरा, मान, छाती लालभडक, अंगभर खाज. मी घाबरून केसपेपरवर लाल शाईने ‘व्हॅन्कोमायसिन अ‍ॅलर्जी’ लिहिलं. सकाळी राउंडला आमच्या सरांनी ते खोडलं आणि विचारलं, “किती वेळात दिलंस?” ती खरी अ‍ॅलर्जी नव्हती. औषध वेगाने गेलं की मास्ट पेशींमधून थेट हिस्टामिन सुटतं, त्यात आयजीईचा संबंध नसतो. एक ग्रॅम किमान तासभर द्यायचं असतं. लाल शाई राहिली असती, तर त्या एमआरएसएच्या पेशंटला पुढे चांगलं औषध कुणी दिलंच नसतं. म्हणून त्या घरात ‘लाली’ एवढंच नको, ‘भरभर सोडलं तर’ हेही हवं.

आता तक्ता कामाला लावू. समज, तुला कल्चर-सेन्सिटिव्हिटीवर प्रश्न आला. साठीची मधुमेही बाई, थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखतंय, क्रिएटिनिन १.९. लघवीत आणि रक्तात ई. कोलाय. रिपोर्ट: अ‍ॅम्पिसिलिन, सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन रेझिस्टंट; पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, अ‍ॅमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन सेन्सिटिव्ह. कोणतं देशील?

सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन आत शिरतं, ई. कोलायचा गवंडी ते उचलतोही. म्हणजे अडचण बहुधा मधेच, वाटमारीत. ईएसबीएल. सिप्रोफ्लॉक्सासिनचा भित्तिकेशी काही संबंध नसूनही तेही रेझिस्टंट का, असं वाटेल. असे जिवाणू बहुतेक वेळा इतर गटांविरुद्धचे रेझिस्टन्सही सोबतच बाळगून असतात.

नायट्रोफ्युरँटॉइन हा पहिला सापळा. सेन्सिटिव्ह आहे, स्वस्त आहे, गोळी आहे. पण ते फक्त लघवीत साठतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला उत्तम, इथं निरुपयोगी. आणि मूत्रपिंड मंद असेल तर लघवीतही पुरेसं उतरत नाही. जवळजवळ कोणत्याच तक्त्यात ‘पोचतं कुठं’ असा रकाना नसतो. तू तो घाल. सगळ्या ओळींना नाही, जिथं उत्तर अनपेक्षित आहे तिथंच: नायट्रोफ्युरँटॉइनला फक्त लघवी, डॅप्टोमायसिनला फुप्फुस नाही कारण सर्फॅक्टंट त्याला निकामी करतं.

दुसरा सापळा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम. टॅझोबॅक्टम वाटमाऱ्याला अडवतं, रिपोर्टही ‘एस’ म्हणतो, मग काय बिघडलं? वाटमारे फार झाले की अडवणारा कमी पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन-रेझिस्टंट ई. कोलाय किंवा क्लेबसिएला रक्तात असलेल्या रुग्णांना एका गटात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलं, दुसऱ्यात मेरोपेनेम. तीस दिवसांतले मृत्यू पहिल्यात १२.३ टक्के, दुसऱ्यात ३.७ टक्के. दोन्ही औषधं प्रयोगशाळेत ‘सेन्सिटिव्ह’ होती.

अ‍ॅमिकासिन लघवीत भरपूर उतरतं, पण १.९ क्रिएटिनिन असलेल्या मधुमेही बाईच्या मूत्रपिंडावर आणखी एक ओझं कशाला? उरलं मेरोपेनेम, मूत्रपिंडाच्या क्षमतेप्रमाणे डोस कमी करून. तसा न केला तर झटक्यांचा धोका वाढतो. आणि ती बाई व्हॅल्प्रोएट घेते का, हे विचारून. एवढं लिहिलंस की प्रश्नाचे सगळे गुण आले, आणि यातला एकही शब्द तू घोकलेला नसेल.

पेशीभित्तिकेच्या बाहेरच्या गटांना गवंडी चालणार नाही, पण प्रश्नांची चाल तीच ठेव: आत कसं जातं, वाटेत काय होतं, कशाला चिकटतं. अमिनोग्लायकोसाइड आत ओढून नेण्यासाठी जिवाणूला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. म्हणून अ‍ॅनएरोबवर ती चालत नाहीत आणि गळूच्या आत, जिथं ऑक्सिजन नाही, तिथंही लंगडी पडतात. वाटेत जिवाणूची एन्झाइम्स त्यांना रासायनिक गट चिकटवून बिघडवतात. अ‍ॅमिकासिनची रचना अशी की त्यातली बरीच एन्झाइम्स त्याच्यावर चालत नाहीत, म्हणून जेन्टामायसिन हरलं तरी ते टिकू शकतं. आणि जेन्टामायसिन पेनिसिलिनसोबत दिलं की एन्टेरोकॉकसची भिंत खिळखिळी होऊन ते आत जातं, हा एन्डोकार्डायटिसमधल्या जोडीचा खुलासा. त्रासाच्या घरात दोनच शब्द, पण फरकासकट: मूत्रपिंडाची इजा बहुधा भरून येते, कानाची येत नाही.

तक्त्यातलं आणखी एक घर तुला फसवेल. पुस्तकातला स्पेक्ट्रम म्हणजे औषधाची जन्मजात ताकद. अमॉक्सिसिलिनसमोर ई. कोलाय लिहिलेलं असतं ते त्या अर्थाने. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या अँटिबायोग्राममध्ये तिथं आता फारसं काही उरलेलं नाही. लिस्टेरियाला सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन न चालणं ही जन्मजात गोष्ट, ई. कोलायला न चालणं ही कमावलेली. मी पहिल्याला काळी शाई वापरते, दुसऱ्याला लाल. एनडीएम लालमध्ये, मायकोप्लाझ्मा काळ्यामध्ये. व्हायव्हात “रेझिस्टन्स सांगा” म्हटलं की लाल शाईचं सांगायचं. काळ्याचं स्पेक्ट्रमच्या उत्तरात येतं.

१९ दिवसांचं गणित असं कर. पहिले चार दिवस फक्त ह्या सहा ओळी, रोज सकाळी कोऱ्या कागदावर, औषधांची नावं आधी लिहून आणि रकाने नंतर भरून. जे घर एका वाक्यात ‘कारण’ सांगून भरता येत नाही ते रिकामं सोड, अंदाजाने भरू नकोस. रिकामं घर संध्याकाळी पुस्तकात बघ. पाचव्या दिवशी तक्ता उलटा कर: डावीकडे एमआरएसए, एन्टेरोकॉकस, लिस्टेरिया, ईएसबीएल ई. कोलाय, स्यूडोमोनास, मायकोप्लाझ्मा, वर औषधं. जिथं औषध चालत नाही तिथं फुली मार. आता प्रत्येक फुलीखाली द, वा किंवा ग लिही, मायकोप्लाझ्माच्या ओळीत मात्र ‘भिंतच नाही’ असं. जिथं अक्षर सुचत नाही तिथं तुला फुली पाठ आहे, कळलेली नाही. मग प्रोटीन संश्लेषणाचे गट, मग क्विनोलोन आणि सल्फा. जुना १४ ओळींचा तक्ता शेवटच्या दोन दिवसांत नुसता नजरेखालून घाल. तोवर त्यातल्या चुकाही तुला दिसू लागतील, आणि माझ्या अनुभवात सीनियर्सच्या तक्त्यात त्या असतातच.

माझ्या तक्त्यात एर्टापेनेमची ओळ मुद्दाम ठेवली नाही. ते ईएसबीएलला पुरून उरतं पण स्यूडोमोनास आणि एन्टेरोकॉकसवर चालत नाही, दिवसातून एकदाच देतात. ओळ तू भर, आणि वर सांगितलेल्या बाईला मेरोपेनेमऐवजी ते चाललं असतं का, ते लिहून पाठव.